वडिलांची शुद्ध हरपली, आता त्यांचे कुलमुखत्यारपत्र कुठवर चालते?

प्रश्न: माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून दिले. दुय्यम निबंधकांकडे रीतसर नोंदवले आहे. त्रिमूर्तीनगरचा फ्लॅट भाड्याने देणे, विकणे, पैसे घेणे, बँकेचे व्यवहार, सगळे त्यात लिहिले आहे. मागच्या मार्चमध्ये त्यांना लकवा मारला. तेव्हापासून ते कोणाला ओळखत नाहीत, बोलत नाहीत. औषधे, दोन वेळच्या आया, फिजिओथेरपी मिळून महिन्याला ६२ हजार लागतात. पेन्शन २८ हजार, ती आईसोबतच्या खात्यात येते. फ्लॅटचे भाडे १३ हजार, ते मी माझ्या खात्यात घेते. बाबांच्या एकट्याच्या नावाने ९ लाखांच्या ठेवी आहेत, पण बँक मोडू देत नाही. म्हणून फ्लॅट विकायचे ठरवले. ग्राहकाने १ लाख टोकनही दिले. आता त्याचे वकील म्हणतात की तुमचे मुखत्यारपत्र चालणार नाही. आई आणि भाऊ दोघेही राजी आहेत, कागद कोणी रद्द केलेला नाही. मग अडचण कसली? — एक वाचक, नागपूर

उत्तर:

ताई, ग्राहकाच्या वकिलांचे म्हणणे बरोबर आहे. बाबांची स्थिती तुम्ही लिहिली तशीच असेल तर ते मुखत्यारपत्र आज संपलेले आहे. ते कोणी रद्द केलेले नाही हे खरे, पण संपायला रद्दच करावे लागते असे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ मध्ये मुखत्यारी कशाकशाने संपते ते दिले आहे. देणाऱ्याने अधिकार काढून घेणे, मुखत्याराने काम सोडणे, काम पूर्ण होणे, दोघांपैकी एकाचा मृत्यू होणे आणि दोघांपैकी एकाचे मन अस्वस्थ होणे, म्हणजे समज जाणे. तुमच्या घरी यातले शेवटचे कारण घडले आहे.

याचे कारण समजून घ्या, पुढच्या बऱ्याच शंका तिथेच मिटतात. मुखत्याराला स्वतःचा असा अधिकार नसतो. जे काम बाबा आज स्वतः कायदेशीरपणे करू शकतात तेच तुम्ही त्यांच्या वतीने करू शकता. सही तुमची असली तरी कायदा ती बाबांची कृती मानतो. आज बाबांना समोर बसवले तर फ्लॅट कोणाला, कितीला आणि का विकतो आहोत हे त्यांना कळणार नाही, म्हणून आज ते स्वतः विक्री करू शकत नाहीत. त्यांना जे करता येत नाही ते त्यांच्या वतीने दुसऱ्यालाही करता येत नाही. नोंदणीमुळे इतकेच सिद्ध होते की तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी बाबांनी समजून-उमजून सही केली. ती समज पुढे टिकली का, हे नोंदणी सांगत नाही. काही देशांत देणाऱ्याची समज गेल्यावरही चालू राहील असे मुखत्यारपत्र करता येते. आपल्या कायद्यात मालमत्तेसाठी तशी सोय नाही, आणि बहुतेक घरांना हे वेळ आल्यावरच कळते.

तुमच्या कागदावर ‘अपरिवर्तनीय’ असा शब्द असेल तर त्यावरही विसंबू नका. कलम २०२ मध्ये एक अपवाद आहे खरा, पण तो मुखत्याराचा त्याच मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध असेल तेव्हाचा आहे. उदाहरणार्थ, एखाद्याने पूर्ण किंमत मोजली आणि ती सुरक्षित राहावी म्हणून त्याला मुखत्यारपत्र दिले, तर तो त्या अपवादात बसू शकतो. उद्या वारसाने फ्लॅट मिळेल ही आशा म्हणजे असा हितसंबंध नव्हे.

आई आणि भावाच्या संमतीचेही तेच. फ्लॅट बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतला असेल तर ते हयात असेपर्यंत त्यात तुमचा कोणाचाही हिस्सा नाही. ज्याचा हक्कच नाही त्याच्या संमतीने मालकी हलत नाही. ही संमती पुढे कोर्टात फार उपयोगी पडेल, पण खरेदीखतावर तिचा उपयोग नाही. एक गोष्ट मात्र तपासा. फ्लॅटच्या खरेदीची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, काढून नाव एकट्या बाबांचे आहे की आईचेही आहे ते पाहा. आई सहमालक असेल तर तिच्या हिश्श्यापुरती ती स्वतः सही करू शकते. अर्धा फ्लॅट कोणी विकत घेत नाही ही गोष्ट वेगळी, पण अर्जात ही माहिती बरोबर जायला हवी.

आता धोका नेमका कुठे आहे ते सांगतो. मुखत्याराने दस्त नोंदवायला नेला की दुय्यम निबंधक कार्यालयात त्याच्याकडून एक घोषणापत्र घेतात. छापील मजकूर असतो, घाईत वाचायचा राहून जातो. लिहून देणाऱ्याने मुखत्यारपत्र रद्द केलेले नाही, लिहून देणारी व्यक्ती मयत नाही, आणि ‘अन्य कोणत्याही कारणामुळे’ मुखत्यारपत्र रद्दबातल ठरलेले नाही, असे त्यात तुम्ही स्वतःच्या सहीने सांगता. खाली नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ८२ चा उल्लेख असतो. या कलमाखाली जाणूनबुजून खोटे कथन केल्यास सात वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पहिली दोन विधाने तुमच्या बाबतीत खरी आहेत, तिसरे खरे नाही, आणि ते तुम्हाला माहीत आहे.

हे ‘माहीत असणे’ फार महत्त्वाचे आहे. मुखत्यारपत्र अधिनियम, १८८२ च्या कलम ३ मध्ये मुखत्याराला संरक्षण आहे. देणारा मरण पावला किंवा त्याची समज गेली हे माहीत नसताना मुखत्याराने चांगल्या हेतूने काही केले तर त्याच्यावर ठपका येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलाला बातमी पोहोचायच्या आधी त्याने सही केली, अशा प्रसंगासाठी हे कलम आहे. तुम्ही रोज बाबांच्या उशाशी आहात. आणि आता ग्राहकालाही कळले आहे, त्यामुळे ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे त्यालाही म्हणता येणार नाही. उद्या फ्लॅटवर कर्ज देणारी बँक किंवा त्यानंतरचा खरेदीदार कागद तपासेल, दवाखान्याच्या तारखा आणि दस्ताची तारीख शेजारी ठेवेल, आणि व्यवहार तिथेच कोसळेल. तोवर पैसे उपचारात खर्च झालेले असतील आणि ते परत करायची जबाबदारी तुमच्यावर येईल.

यावर काही जण सुचवतील की घरीच बाबांचा अंगठा घेऊन नवा कागद करू. तसे करू नका. समज नसलेल्या माणसाचा अंगठा घेऊन केलेला करार मुळातच शून्य असतो, आणि त्यातून फसवणुकीची फिर्याद उभी राहू शकते.

मात्र पुढे जाण्याआधी एक तपासणी नक्की करून घ्या. लकव्यात वाचा जाते तेव्हा समजही गेली असेच असते असे नाही. मेंदूचा डावा भाग बाधित झालेल्या काही रुग्णांना बोलता येत नाही, शब्द सापडत नाहीत, पण समोरच्याचे बऱ्यापैकी कळते. कायद्याची कसोटी करार अधिनियमाच्या कलम १२ मध्ये आहे. व्यवहार समजणे आणि तो आपल्या हिताचा आहे की नाही याचा विचार करता येणे, एवढीच ती आहे. स्पष्ट बोलता येणे किंवा सही करता येणे ही अट नाही. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांकडून याच प्रश्नावर लेखी मत घ्या. साधा फिटनेसचा दाखला पुरत नाही. ‘हा फ्लॅट तुमचा आहे का’, ‘तो विकायचा का’, ‘पैसे उपचाराला वापरायचे का’ अशा प्रश्नांना मान हलवून किंवा हात दाबून ते दर वेळी सुसंगत उत्तर देतात का, हे डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवशी तपासून लिहायला हवे. प्रश्न उलटा विचारूनही पाहिला पाहिजे, कारण काही रुग्ण प्रत्येक प्रश्नाला होकारच देतात.

मत अनुकूल आले तर गोष्ट सोपी आहे. बाबा स्वतःच विक्री करू शकतात किंवा नवे मुखत्यारपत्र देऊ शकतात. आजारी माणसाला कार्यालयात नेता येत नसेल तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे निबंधक अधिकारी घरी किंवा दवाखान्यात येऊन दस्त स्वीकारू शकतो. त्यासाठी अर्ज, डॉक्टरांचा दाखला आणि गृहभेटीचे शुल्क लागते. अधिकारी स्वतः बाबांना विचारेल. तिथे बाबांनी ओळख दाखवली नाही तर तो दस्त घेणार नाही, आणि घेऊही नये.

मत प्रतिकूल आले, आणि तुमच्या वर्णनावरून तीच शक्यता जास्त वाटते, तर रस्ता उच्च न्यायालयाचा आहे. जिल्हा न्यायालय का नाही, असे तुम्हाला वाटेल. मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ मध्ये जिल्हा न्यायालयाकडून अशा व्यक्तीच्या मालमत्तेसाठी पालक किंवा व्यवस्थापक नेमून घेण्याची तरतूद होती. २०१७ चा नवा कायदा आला आणि ती तरतूद गेली. १८९० चा पालक व पाल्य कायदा अज्ञान मुलांसाठी आहे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरता आहे. लकव्याने समज गेलेला ७६ वर्षांचा माणूस यांपैकी कशातच बसत नाही. ही पोकळी उच्च न्यायालये संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालच्या अधिकाराने भरून काढतात आणि कुटुंबातल्या कोणाला तरी पालक नेमतात. तुमच्यासाठी ते सिव्हिल लाइन्समधले मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे, मुंबईला जायची गरज नाही.

रिट याचिकेत तुम्ही अर्जदार असाल, आई आणि भावाची ना-हरकत शपथपत्रे सोबत जोडायची. घरात सगळ्यांची संमती असणे ही तुमची सर्वांत भक्कम बाजू इथे कामी येते. दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, मेंदूचे स्कॅन, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला, बाबांच्या सगळ्या मालमत्तेची आणि खात्यांची यादी, आणि खर्चाचा तक्ता पावत्यांसह द्यायचा. न्यायालय साधारणपणे सरकारी डॉक्टरांकडून रुग्णाची तपासणी करवून घेते, आणि कुटुंबाची व मालमत्तेची माहिती महसूल अधिकाऱ्याकडून पडताळते. आदेश झाल्यावरही तुमच्यावर देखरेख राहते. ठराविक काळाने हिशेब सादर करा, विकून आलेली रक्कम बाबांच्या नावेच ठेवा, अशा अटी येतात.

याचिकेत काय मागायचे याबद्दल माझे स्पष्ट मत आहे. आधी विक्री मागू नका, आधी ठेवी मागा. तुमचेच आकडे घ्या. खर्च ६२ हजार. पेन्शन आणि भाडे मिळून ४१ हजार. तूट महिन्याला २१ हजार. ९ लाखांच्या ठेवी या तुटीला व्याज न धरताही ४२ महिने, म्हणजे साडेतीन वर्षे पुरतात. तुम्ही फ्लॅट विकायला निघालात ते पैसे नाहीत म्हणून नव्हे, तर पैसे अडकले म्हणून. न्यायालय हे गणित पहिल्याच तारखेला करेल, आणि हाती ठेवी असताना दरमहा भाडे देणारा फ्लॅट का विकायचा, असे विचारेल. त्यामुळे पालक म्हणून नेमणूक, ठेवी मोडण्याचा आणि बाबांची खाती चालवण्याचा अधिकार, या मागण्या मुख्य ठेवा. फ्लॅटची विक्री ही पुढची मागणी म्हणून त्याच याचिकेत ठेवा, म्हणजे शस्त्रक्रियेसारखा मोठा खर्च उभा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. विक्रीची परवानगी मिळाली तर त्या वेळी सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल लागेल. तेव्हा खरेदीखतावर तुम्ही ‘मुखत्यार’ म्हणून सही करणार नाही, ‘न्यायालयाने नेमलेल्या पालक’ म्हणून कराल, आणि मुखत्यारपत्राच्या जागी आदेशाची प्रमाणित प्रत जोडाल.

बँकेने तुमच्याशी आडमुठेपणा केला असे वाटत असेल, पण ठेवींबाबत ती बरोबर वागली. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देण्याची पद्धत बँकांत आहे, त्यात एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. पण ती शरीर साथ देत नाही आणि मन शाबूत आहे अशा खातेदारासाठी आहे. पेन्शनच्या संयुक्त खात्यातून आई पैसे काढते ते तिच्या स्वतःच्या खातेदारीवर, तुमच्या मुखत्यारपत्रावर नाही, हा फरक लक्षात ठेवा.

तोवर घर कसे चालवायचे? मुखत्यारी संपली म्हणून सगळे वाऱ्यावर सोडा, असे कायदा म्हणत नाही. करार अधिनियमाच्या कलम २०९ प्रमाणे देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा समज गेली तरी त्याने सोपवलेले हित जपण्यासाठी वाजवी ती पावले मुखत्याराने उचललीच पाहिजेत. महानगरपालिकेचा मालमत्ता कर, सोसायटीचे मासिक शुल्क, गळणाऱ्या पाइपाची दुरुस्ती, चालू भाडेकरूकडून भाडे घेणे, ही जपणूक आहे, ती करत राहा. नवा भाडेकरार, विक्री, गहाण, ठेव मोडणे ही जपणूक नाही. भाडेकरूचा करार याच काळात संपत असेल तर घाईने तुमच्या सहीने नवा नोंदवू नका. वकिलांना याचिकेत त्यासाठी अंतरिम आदेश मागायला सांगा.

भाडे मात्र आजपासून तुमच्या खात्यात घेणे थांबवा. ते बाबांचे उत्पन्न आहे. आईसोबतच्या खात्यात ते जमा होऊ द्या आणि आजवर तुमच्याकडे आलेल्या भाड्याचा महिनावार तक्ता करा. किती आले, कोणत्या तारखेला, कशावर गेले, पावती कुठे आहे. मुखत्यारावर हिशेब देण्याचे बंधन कलम २१३ ने घातलेले आहे, ते मुखत्यारी संपल्यावर मागच्या काळापुरते पुसले जात नाही. न्यायालयापुढे हा तक्ता नीट असेल तर पालक म्हणून तुमचे नाव मान्य व्हायला मदतच होईल.

तुमच्यासारखा कागद घरात असलेल्या आणि ज्यांचे आईवडील अजून खणखणीत आहेत अशा वाचकांसाठी थोडे सांगतो. मुखत्यारपत्र चालू असतानाही त्याला कुंपण असतेच. ते शब्दशः वाचले जाते. विकण्याचा अधिकार लिहिला म्हणून गहाण ठेवण्याचा किंवा बक्षीस देण्याचा अधिकार येत नाही, आणि किंमत स्वीकारण्याचा अधिकार वेगळा लिहिलेला नसेल तर ग्राहकाचा वकील तिथेच थांबतो. मुखत्याराने मालमत्ता स्वतःलाच किंवा आडून नवऱ्याच्या नावाने घेतली आणि देणाऱ्याला सगळी माहिती देऊन संमती घेतली नसेल, तर कलम २१५ खाली देणारा तो व्यवहार नाकारू शकतो. देणाऱ्याचे मृत्युपत्र मुखत्याराला करता येत नाही. देणाऱ्याला स्वतःला माहीत असलेल्या गोष्टींची साक्षही मुखत्यार त्याच्या जागी देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानकी भोजवानी प्रकरणात २००४ मध्ये स्पष्ट केले. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर घर ‘विकत घेतले’ असे समजणाऱ्यांसाठी सूरज लॅम्प प्रकरणातला २०११ चा निकाल आहे: त्याने मालकी मिळत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

आईवडिलांची समज शाबूत आहे तोवर करण्यासारखे मुख्य काम म्हणजे ठेवी एकट्याच्या नावाने न ठेवता जोडीदाराच्या किंवा मुलाच्या नावासह ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ या सूचनेवर ठेवणे, आणि मुदतीआधी मोडण्याची परवानगीही त्याच वेळी दोघांच्या सहीने बँकेला लिहून देणे. मालमत्ता मोठी असेल तर खाजगी विश्वस्त निधी करता येतो. करून देणाऱ्याची समज गेली म्हणून विश्वस्ताचे अधिकार संपत नाहीत. त्याला खर्च आणि सल्ला दोन्ही लागतात, एका फ्लॅटसाठी तो सहसा परवडत नाही.

ताई, टोकनचे १ लाख या आठवड्यात बँकेमार्फतच परत करा, रोख देऊ नका. सोबत दोन ओळींचे पत्र द्या: मालक व्यवहार करण्याच्या स्थितीत नाहीत, सक्षम न्यायालयाची परवानगी मिळाल्याशिवाय विक्री होणार नाही, टोकनची पूर्ण रक्कम परत केली आहे. ग्राहकाची पोच घ्या आणि ती पोच याचिकेच्या कागदांत ठेवा. याचिका चालू असतानाच बाबांचे काही बरेवाईट झाले तर वकिलांना त्याच दिवशी कळवा. तेव्हा पालकत्वाचा प्रश्न उरत नाही, मुखत्यारपत्र कोणत्याच कामाचे राहत नाही, आणि आई, भाऊ व तुम्ही वारस म्हणून स्वतःच्या नावाने पुढचे कागद करता.